एक वेबसाइट, दोन लॉगिन: ब्राउझरला दुसरा खिसा कसा मिळाला

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलताना जे पसरट झालं होतं ते थोडं आवरलंय, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

कॉलेजच्या ग्रुपवर गूगल फॉर्मची लिंक येते. तुम्ही लॅपटॉपवर क्लिक करता आणि समोर येतं की तुम्हाला परवानगी नाही. फॉर्म कॉलेजच्या ईमेलसाठी उघडलेला असतो आणि ब्राउझर तुम्हाला घरच्या ईमेलने आत नेऊ पाहतो. मग लॉगआउट, लॉगिन, पासवर्ड, ओटीपी, आणि तोवर फॉर्मची वेळ संपायला आलेली. हे आपल्यापैकी बहुतेकांचं झालंय. प्रश्न साधा आहे: एकाच ब्राउझरमध्ये, एकाच वेबसाइटवर, शेजारी शेजारी दोन माणसं म्हणून का बसता येत नाही? उत्तरासाठी 1994 सालात जावं लागतं.

वेबची मूळ भाषा म्हणजे एचटीटीपी. ती विसरभोळी आहे. तुम्ही एक पान मागता, सर्व्हर पान देतो आणि तुम्हाला विसरतो. पुढचं पान मागायला तुम्हीच आलात की दुसरं कोणी, हे त्याला कळत नाही. वाचनापुरतं हे ठीक होतं. दुकान मांडायचं तर मात्र पंचाईत, कारण टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर गायब! 1994 मध्ये नेटस्केप या कंपनीकडे एमसीआय या अमेरिकन टेलिफोन कंपनीचं काम होतं. ग्राहकाची अर्धवट राहिलेली खरेदी आपल्या सर्व्हरवर साठवायला लागू नये, असं एमसीआयला हवं होतं. नेटस्केपमधल्या लू माँटुली या इंजिनिअरने त्यासाठी जो उपाय काढला, तो म्हणजे कुकी.

कुकी म्हणजे काय, तर देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळतो तो बिल्ला. चपला सांभाळणारा तुमचा चेहरा लक्षात ठेवत नाही. तुम्ही बिल्ला दाखवता, तो त्या नंबरच्या चपला काढून देतो. वेबसाइटही लॉगिन झाल्यावर ब्राउझरच्या हातात असाच एक बिल्ला देते, आणि पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर ब्राउझर तो मुकाट्याने दाखवतो:

```
Set-Cookie: session=a81f
Cookie: session=a81f
```

पहिली ओळ सर्व्हरची, दुसरी ब्राउझरची. तुमचं "लॉगिन असणं" म्हणजे एवढंच. पासवर्ड पुन्हा पुन्हा जात नाही, बिल्ला जातो.

इथे माँटुलीने घेतलेला एक निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा ओळख क्रमांक द्यावा, हाही पर्याय त्याच्यासमोर होता. तसं केलं असतं तर सगळ्या वेबसाइट्सना एकच नंबर दिसला असता आणि सगळ्यांना मिळून तुमच्यावर पाळत ठेवता आली असती. म्हणून त्याने तो नाकारला. प्रत्येक वेबसाइट आपला बिल्ला देईल आणि तो फक्त तिलाच परत दाखवला जाईल, असं ठरलं. वेबसाइट-वेबसाइटमध्ये त्याने भिंत घातली. ब्राउझर वापरणारा माणूस मात्र त्याने एकच धरला.

ब्राउझर कुकी कशी ओळखतो? वेबसाइटचा पत्ता, त्या पत्त्यातला मार्ग आणि कुकीचं नाव, या तीन गोष्टींवरून. तिन्ही जुळल्या की ती तीच कुकी. आता तुम्ही घरच्या खात्याने लॉगिन केलंत आणि `session=a81f` आली. शेजारच्या टॅबमध्ये त्याच साइटवर कॉलेजच्या खात्याने लॉगिन केलंत आणि `session=c37d` आली. पत्ता तोच, मार्ग तोच, नाव तेच. म्हणजे नवी कुकी जुनीच्या जागी बसली, जुनी गेली. पहिला टॅब अजून घरच्या खात्यासारखा दिसतोय, कारण पान आधीच उघडलेलं आहे. पण तिथे रिफ्रेश केलंत किंवा काही पाठवलंत, तर ते कॉलेजच्या खात्यातून जाईल! चुकीच्या खात्यातून पोस्ट पडते ती पुष्कळदा अशी. डोळ्यांना दिसणारं नाव जुनं आणि हातातला बिल्ला नवा.

यावर लोकांनी जुगाड शोधले. इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर पुन्हा डबल-क्लिक केलं की ब्राउझरची वेगळी प्रत सुरू व्हायची आणि तिच्या तात्पुरत्या कुकी वेगळ्या असायच्या. पण लॉगिन करताना "मला लक्षात ठेवा"वर टिक केली की कुकी डिस्कवर जायची, आणि डिस्क दोन्ही प्रतींना एकच. मग खेळ खलास. 2009 मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर 8 आला. त्यात वेगवेगळ्या खिडक्यांमध्ये लॉगिन वाटून घेतलं जाऊ लागलं, म्हणून वेगळं बसायचं असेल तर फाइल मेनूत `New Session` नावाचा पर्याय द्यावा लागला. फायरफॉक्समध्ये `firefox -P` लिहून वेगळं प्रोफाइल उघडता यायचं. प्रोफाइल म्हणजे पूर्ण वेगळं बिऱ्हाड: बुकमार्क वेगळे, हिस्टरी वेगळी, एक्स्टेन्शन वेगळी. दोन ईमेल बघायला दोन बिऱ्हाडं थाटायची, हे जरा जास्तच. क्रोमने 2011 च्या शेवटी, सोळाव्या आवृत्तीत, हेच काम पुष्कळ सोपं करून दिलं आणि आजही क्रोममध्ये तोच रस्ता आहे. इन्कॉग्निटो खिडकीही चालते, पण तिच्यात लॉगिन टिकत नाही, आणि दुसरी इन्कॉग्निटो खिडकी उघडली तरी दोघींचा खिसा एकच असतो. तिसरं खातं उघडायची सोय नाही.

गूगलने ऑगस्ट 2010 मध्ये आपल्यापुरता तोडगा काढला, एकाच वेळी अनेक खाती. पत्त्यात `/u/0`, `/u/1` दिसतं ते त्याचंच. हा वेबसाइटने आपल्या बाजूने केलेला उपाय आहे: बिल्ल्यांचा एकच संच, त्याच्यामागे दोन-तीन खाती. त्यामुळे आधी लॉगिन केलेलं खातं मुख्य ठरतं, आणि ज्या लिंकमध्ये खात्याचा नंबर नाही ती मुख्य खात्यात उघडते. सुरुवातीला सांगितलेली फॉर्मची गडबड इथून येते. शिवाय असा उपाय प्रत्येक वेबसाइटने स्वतः करायला हवा, आणि बहुतेकींनी तो केलेला नाही.

मग ब्राउझरने स्वतः हे का केलं नाही? मागणी जुनीच होती. मल्टिफॉक्ससारखी एक्स्टेन्शन हेच करायला धडपडत होती. अडचण अशी की बाहेरून कुकीची अदलाबदल करत बसणं नाजूक काम. तोवर वेबसाइट्स कुकीशिवाय ब्राउझरच्या आत इतर कोठारांतही माहिती ठेवू लागल्या होत्या. कुकी बदलली आणि कोठार तेच राहिलं, की दोन खात्यांची सरमिसळ झाली म्हणून समजा. खरा इलाज ब्राउझरच्या इंजिनातच व्हायला हवा होता.

तो झाला, पण आला भलत्याच दारातून. फोनच्या दारातून!

मोझिलाने, म्हणजे फायरफॉक्सवाल्यांनी, फायरफॉक्स ओएस नावाची फोनची प्रणाली बनवली होती. भारतात ऑगस्ट 2014 मध्ये तिच्यावर चालणारा इंटेक्स क्लाउड एफएक्स आला होता, किंमत 1,999 रुपये. या फोनमधलं प्रत्येक ॲप म्हणजे वेबपानांचीच जुळणी होती आणि सगळी ॲप्स एकाच ब्राउझर इंजिनावर चालायची. आता विचार करा, दोन ॲप्स आतून एकाच वेबसाइटशी बोलतायत. एकात केलेलं लॉगिन दुसऱ्या ॲपला मिळालं तर? ते चालणार नव्हतं. म्हणून इंजिनिअरांनी कुकीच्या ओळखीत आणखी एक खूण जोडली: ही कुकी कुठल्या ॲपची. पत्ता, मार्ग, नाव, आणि आता ॲपचा क्रमांक. चारही जुळले तरच तीच कुकी.

फोन काही चालला नाही. डिसेंबर 2015 मध्ये मोझिलाने हे फोन विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. (त्या प्रणालीचा वंश मात्र कायओएसच्या रूपाने जगला. 2017 चा जिओफोन घरात कोणी वापरला असेल, तर हे नातं तुमच्या हातात येऊन गेलंय.) पण इंजिनातली ती खूण ब्राउझरच्या उपयोगाची होती. 2015 च्या सुमारास तिला सर्वसाधारण रूप दिलं गेलं आणि नाव मिळालं `OriginAttributes`. म्हणजे कुठल्याही साठवलेल्या माहितीला चिकटवता येईल असं एक लेबल. ॲपचा क्रमांक हा त्या लेबलवरचा एक प्रकार. दुसरा प्रकार जोडला गेला तो `userContextId`. हाच आपला कंटेनर.

विचाराची तयारी त्याआधीच झाली होती. 2013 मध्ये मोझिलातल्या मोनिका च्यू आणि सिड स्टॅम यांनी एका निबंधात मांडलं होतं की माणूस ऑफिसात वेगळा असतो, घरात वेगळा, मित्रांत वेगळा, आणि ब्राउझरने याला हातभार लावायला हवा. जून 2016 मध्ये फायरफॉक्सच्या नाइटली या चाचणी आवृत्तीत कंटेनर आले: पर्सनल, वर्क, बँकिंग, शॉपिंग, प्रत्येकाला वेगळा रंग. तन्वी व्यास यांनी तेव्हा मोझिलाच्या ब्लॉगवर त्याची ओळख करून दिली. मला त्या लेखात आवडलं ते हे, की त्यांनी उघड्या राहिलेल्या शंका सरळ मांडल्या. आपण कुठल्या कंटेनरमध्ये आहोत हे माणसाला कळणार कसं? चुकीच्या कंटेनरमध्ये काम केलं तर सावरायचं कसं? ब्राउझरने आपोआप निवड करावी का? इंजिनातलं लेबल तयार होतं, ते माणसाला दाखवायचं कसं हा खरा पेच होता. मार्च 2017 मध्ये टेस्ट पायलट या प्रयोगात ते लोकांच्या हाती दिलं गेलं आणि सप्टेंबर 2017 मध्ये मल्टी-अकाउंट कंटेनर्स हे एक्स्टेन्शन सगळ्यांसाठी आलं.

आता प्रत्यक्ष करून बघू. समजा तुमच्या घरचा मसाल्याचा व्यवसाय आहे. त्याचा एक व्हॉट्सॲप नंबर, तुमचा स्वतःचा दुसरा. लॅपटॉपवर दोन्ही व्हॉट्सॲप वेब शेजारी शेजारी हवेत. फायरफॉक्समध्ये मोझिलाचं हे एक्स्टेन्शन टाका. मग नव्या टॅबच्या `+` बटणावर क्लिक करून दाबून धरा, कंटेनरची यादी उघडते. पर्सनल निवडा, `web.whatsapp.com` उघडा, आपल्या फोनने क्यूआर कोड स्कॅन करा. पुन्हा `+` दाबून धरा, वर्क निवडा, तीच साइट. तिथे नवा क्यूआर कोड येईल, कारण या खिशात अजून काहीच नाही. तो दुकानाच्या फोनने स्कॅन करा. झालं. टॅबवर एकाला निळी, दुसऱ्याला नारिंगी रेघ दिसेल आणि पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे कंटेनरचं नाव. काही पाठवण्याआधी नजर तिथे टाकायची सवय लावा. पानावरचं नाव जुनं असू शकतं हे वर पाहिलंच, पण हे नाव ब्राउझर स्वतः सांगतो.

आत काय घडलं ते फायरफॉक्सच्या फोल्डरमध्ये दिसतं. कुकी जिथे राहतात त्या `cookies.sqlite` फाइलमध्ये एक जादा रकाना आहे. कुठल्याही साइटवर विनाकंटेनर, पर्सनल आणि वर्क अशी तीन लॉगिन केली, तर साधारण असं दिसेल:

```
host         name     value  originAttributes
example.com  session  a81f
example.com  session  c37d   ^userContextId=1
example.com  session  f902   ^userContextId=2
```

तीन ओळी, कोणी कोणाला पुसलेलं नाही. आणि व्हॉट्सॲप वेबसारख्या साइटची मोठी कोठारं `storage/default` मध्ये वेगवेगळ्या फोल्डरांत बसतात. वर्कचं फोल्डर असं:

```
https+++web.whatsapp.com^userContextId=2
```

जुन्या एक्स्टेन्शनना जे जमत नव्हतं ते हेच. सर्व्हरला या लेबलचा पत्ताच नसतो. त्याच्या दृष्टीने तीन वेगळी माणसं तीन वेगळे बिल्ले घेऊन आली.

गडबड कुठे होते, तर पहिली अशी. एक्स्टेन्शनमध्ये "ही साइट नेहमी याच कंटेनरमध्ये उघड" असा पर्याय आहे. बँकेसाठी तो झकास. पण ज्या साइटवर तुम्हाला दोन लॉगिन हवीत तिला तो लावू नका. लावलात तर दुसऱ्या कंटेनरमध्ये ती साइट उघडताना मधे एक पान येऊन विचारत बसेल की ठरलेल्या कंटेनरमध्ये नेऊ का. घाईत "हो" दाबलं की गेलात चुकीच्या खात्यात.

दुसरी गडबड जरा छुपी. एखाद्या साइटवर तुम्ही "गूगलने लॉगिन करा" हे बटण वापरता, आणि गूगलला तुम्ही पर्सनल कंटेनर नेमून दिलाय. तुम्ही वर्कमध्ये बटण दाबता, ब्राउझर गूगलच्या पानासाठी तुम्हाला पर्सनलमध्ये नेतो, आणि लॉगिन झाल्यावर परतीची वाट तिथेच उघडते. वर्कमधला टॅब तसाच ताटकळत राहतो. पासवर्ड बरोबर, तरी आत जाता येत नाही. असं झालं तर टॅबचा रंग मधेच बदलला का ते पाहा. बदलला असेल तर दोष पासवर्डचा नाही, नेमणुकीचा आहे, आणि ती काढून टाकली की काम होतं.

चुकीच्या कंटेनरमध्ये उघडलेलं पान दुसऱ्यात पुन्हा उघडता येतं. टॅबवर राइट-क्लिक केलं की तो पर्याय मिळतो. पण तेव्हा पान नव्याने लोड होतं, म्हणजे अर्धवट भरलेला फॉर्म तिथे येत नाही. त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी रंग बघा, नंतर नको. कंटेनर डिलीट केला तर त्यातली लॉगिनही जातात.

मर्यादा स्पष्ट सांगतो, कारण यूट्यूबवर याबद्दल वाट्टेल ते दावे ऐकू येतात. हिस्टरी, बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड सगळ्या कंटेनरना सामाईकच असतात. वेगळं होतं ते वेबसाइटने ठेवलेलं, तुम्ही ठेवलेलं नाही. म्हणजे लॅपटॉप भावाच्या हातात गेला तर कंटेनर काही लपवत नाही, त्याला कुलूपच नाही. तुमचा आयपी पत्ताही सगळ्या कंटेनरमधून तोच जातो, आणि स्क्रीनचा आकार, फॉन्ट यांसारख्या खुणाही त्याच. एखाद्या साइटच्या नियमात एकच खातं बसत असेल आणि तिने शोधायचं ठरवलं, तर दोन्ही खाती एका जागेवरून चालतायत हे तिला कळू शकतं.

आणि तुमचा बहुतेकांचा प्रश्न: फोनवर? हे एक्स्टेन्शन डेस्कटॉप फायरफॉक्ससाठी आहे, अँड्रॉइडवर त्याची ही सोय नाही. पण कल्पना तुमच्या फोनमध्ये दुसऱ्या नावाने बसलेली असेल. काही कंपन्यांच्या फोनमध्ये "ड्युअल ॲप्स" असतं, एका व्हॉट्सॲपची दोन करणारं. तिथेही ॲप तेच असतं आणि त्याची माहिती ठेवायचा खिसा दुसरा. आयफोनवाल्यांना 2023 मध्ये, आयओएस 17 बरोबर, सफारीमध्ये प्रोफाइल मिळाली. त्यात हिस्टरीही वेगळी होते, म्हणजे ती कंटेनरपेक्षा बिऱ्हाडाच्या जवळची.

शेवटी या लेबलचं पुढे काय झालं ते राहिलं. मार्च 2018 मध्ये केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण बाहेर आलं, आणि काही दिवसांतच मोझिलाने फेसबुक कंटेनर काढला. त्यात तुम्ही काही निवडायचंच नाही. फेसबुक आपोआप एका खिशात बंद, आणि इतर साइट्सवर बसवलेल्या लाइकच्या बटणाला तुमचा बिल्ला दिसत नाही. दोन लॉगिनची सोय म्हणून लोकांनी मागितलेली गोष्ट इथे पाळत रोखायला वापरली गेली, कारण आतलं यंत्र एकच आहे. माँटुलीची भिंत तोवर जाहिरातवाल्यांनी पोखरली होती. एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा हजारो साइट्सवर बसवला की तिचा एकच बिल्ला सगळीकडे दिसतो, आणि जो कायमचा नंबर त्याने नाकारला होता तोच मागच्या दाराने परत येतो.

जून 2022 मध्ये फायरफॉक्सने टोटल कुकी प्रोटेक्शन सगळ्यांसाठी चालू केलं. आता तुम्ही ज्या साइटवर आहात तिचं नावच लेबलवर लिहिलं जातं, आणि त्या पानावर बसलेल्या बाहेरच्या तुकड्याला तेवढ्याच खिशातलं दिसतं. तुम्ही एकही कंटेनर बनवला नसेल, तरी `cookies.sqlite` मधल्या त्याच जादा रकान्यात काही ओळींपुढे हे सापडेल:

```
^partitionKey=%28https%2Cexample.com%29
```

1,999 रुपयांच्या फोनमध्ये कुकीला ॲपचा जो नंबर जोडला जायचा, त्याचाच हा रकाना वंशज आहे.

चला, भेटू पुढच्या भागात!